मत मागा, पण एकदाच नीट

«राजारामपुरीत आमची मिसळ आहे. ऑनलाइन मतदानाच्या स्पर्धेत नाव आलंय. गिऱ्हाइकांना मत मागायचंय, पण पिडायचं नाही. कसं करू?»

आधी स्वतः मत देऊन बघा, दादा. ओटीपी लागतो का, रोज मत देता येतं का, किती वेळ जातो, हे मेसेजमध्येच सांगा. लोक चिडतात ते मत मागितल्यावर नाही, लिंक उघडल्यावर अचानक मोबाईल नंबर मागितला की.

मजकूर साधा ठेवा: «स्पर्धेत आमचं नाव आहे. मिसळ आवडत असेल तर मत द्या. एक मिनिट लागतं, ओटीपी येतो. नाही दिलं तरी कट तेवढाच मिळेल.»

गल्लीच्या, तालमीच्या ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ती पोचते, म्हणजे ओळखीचेच. तीही एकदाच. शेवटच्या दिवशीची आठवण इन्स्टाच्या स्टोरीत लिंक लावून द्या, २४ तासांत आपोआप जाते. बिझनेस अकाउंट असेल तर लिंकवर किती टॅप आले ते दिसतं. स्टोरी बघणारे भरपूर आणि टॅप नगण्य असतील तर पुन्हा टाकू नका, मजकूर बदला.

मतावर पाव फुकट वगैरे अजिबात नको, नियम वाचा, नाव बाद होऊ शकतं.