ग्रेड दिसण्याचा, वॉरंटी आतल्या मालाची

> जुना फोन घेतोय. 'सुपर्ब' आणि 'गुड' ग्रेडमध्ये तीन हजारांचा फरक आहे. घेऊ का 'सुपर्ब'?

ग्रेड हा बहुतेक ठिकाणी फक्त दिसण्याचा असतो. 'सुपर्ब' म्हणजे ओरखडे जवळपास नाहीत, 'गुड' म्हणजे कडांना थोडे आहेत, 'फेअर' म्हणजे लांबूनही दिसतील. बॅटरी किती थकली आहे, स्क्रीन मूळचा आहे का, हे त्यातून कळत नाही. 'रिन्यूड' म्हणजे कुणीतरी तपासून, लागेल तिथे दुरुस्त करून विकलेला. पण तपासणारा बहुधा विक्रेताच असतो, कंपनी नव्हे. नुसता 'यूज्ड' असेल तर तपासणीचीही हमी नाही.

समजा आयफोन १३ आहे. सेटिंग्जमध्ये 'जनरल', मग 'अबाउट' उघडा. भाग बदलले असतील तर तिथे नोंद दिसते. स्क्रीनपुढे 'Unknown Part' असेल तर तो अस्सल नाही किंवा नीट बसवलेला नाही. बॅटरीची कमाल क्षमता ८०% च्या आसपास असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. तेच तीन हजार तिथे जास्त कामी येतील. मी तरी 'गुड' घेऊन बॅटरी बदलेन.

वॉरंटी किमान ६ महिन्यांची मागा, आणि बॅटरी व स्क्रीन त्यात आहेत हे लेखी घ्या. नेमके तेच भाग अनेकदा वगळलेले असतात. बिलावर IMEI, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, हवाच. पैसे देण्याआधी `KYM`, मग जागा सोडून IMEI, असा एसएमएस 14422 वर पाठवा. फोन ब्लॅकलिस्टमध्ये असेल तर लगेच कळेल.