‘५० लाखांपर्यंत’ म्हणजे नेमके किती?

भोसरीकर: आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं इतिवृत्त मराठीत लिहितो. ठराव असा आहे: ‘व्यवस्थापकीय संचालकांस ५० लाख रुपयांपर्यंत कर्ज घेण्यास प्राधिकृत करण्यात येत आहे.’ ऑडिटरांनी ‘प्राधिकृत’खाली रेघ मारली. दुसरा कुठला शब्द हवा?

कोथरूडकर: काही बदलू नका. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या दुरुस्तीसाठी सचिवांना ‘प्राधिकृत’च केलं होतं.

कंपनी सचिव, शिवाजीनगर: तुमच्या समितीने ठेकेदार आणि दर आधीच ठरवले असतील, सचिवांनी फक्त करारावर सही केली असेल. तिथे ‘प्राधिकृत’ बरोबर. भोसरीकरांकडे कर्ज घ्यायचं की नाही, कुठून, किती, हे एमडी ठरवणार. म्हणून ‘अधिकार सोपवण्यात येत आहे’ लिहा. कंपनी कायदा २०१३, कलम १७९(३)प्रमाणे हा अधिकार मंडळाच्या सभेतल्या ठरावानेच सोपवता येतो, कागद फिरवून सह्या घेतलेल्या ठरावाने नाही.

मला मात्र ‘पर्यंत’ जास्त खटकतं. समजा एमडींनी एप्रिलमध्ये ३० लाख घेतले, जुलैत २० लाख फेडले, ऑगस्टमध्ये आणखी ३५ लाख घेतले. दर वेळची मर्यादा धरली तर सगळं ठीक. घेतलेल्या रकमांची बेरीज धरली तर ६५ लाख, म्हणजे मर्यादा ओलांडली. फेडायची बाकी धरली तर ४५ लाख, पुन्हा ठीक. १९५६च्या कायद्याचं कलम २९२ ही मर्यादा ठरावात स्पष्ट लिहायला लावायचं. आता अटी मंडळावर सोडल्या आहेत, पण मी अजूनही लिहितेच: ‘कोणत्याही एका वेळी फेडीची एकूण बाकी ५० लाख रुपयांहून अधिक होणार नाही.’

भोसरीकर: मुदतीला ‘पुढील आदेशापर्यंत’ चालेल? आणि शेवटी ‘घेतलेली कर्जे पुढील सभेत मंजुरीसाठी ठेवावीत’ असंही आहे.

कोथरूडकर: एकदा अधिकार दिला की मंडळाचा हात सुटला. मग मंजुरी कसली?

कंपनी सचिव, शिवाजीनगर: हात सुटत नाही. मंडळ स्वतःही तो अधिकार वापरू शकतं, कधीही काढून घेऊ शकतं. पण ‘मंजुरीसाठी’ काढाच. मर्यादेत घेतलेल्या कर्जाला पुन्हा मंजुरी लागत असेल, तर सोपवलं काय? बँकही तोवर पैसे अडवून ठेवेल. ‘प्रत्येक कर्जाची रक्कम, व्याजदर, तारण आणि त्या दिवशीची एकूण बाकी पुढील सभेत माहितीसाठी सादर करावी’ असं लिहा. मर्यादेबाहेर काही घडलं, तरच मंजुरीचा प्रश्न येईल. मुदतीला तारीख घाला, ‘३१ मार्चपर्यंत’. ‘पुढील आदेशापर्यंत’ लिहिलेले ठराव वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

निवृत्त शाखाधिकारी: बँकेतून सांगतो, एमडींचं नावही घाला. नुसतं पद असेल तर माणूस बदलल्यावर सहीवरून घोळ होतो.

कंपनी सचिव, शिवाजीनगर: सहीच्या ठरावात नाव हवंच. अधिकार मात्र मी पदाला देते, म्हणजे नवे एमडी आले तरी काम थांबत नाही.

निवृत्त शाखाधिकारी: आणि मंडळाचा भरवसा जुन्या एमडींवरच असला तर? मला हे पटत नाही.