शेवट आधीच कळला तर पुढे वाचायचं कशाला?

अर्धवटराव: सारा वॉटर्सची 'द नाइट वॉच' ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लंडनची कादंबरी वाचतोय, 1947 मग 1944 मग 1941 असं मागे मागे जाते. के एकटी पडलीय, हेलन तिच्या जोडीदारणीवर, ज्युलियावर, संशय घेत कुढतेय, हे सगळं पहिल्याच भागात कळलं. आता उत्सुकता कसली? सोडून देऊ का?

पानवाली: सोडू नका हो. (स्पॉयलर आहेत!) पहिल्या भागात व्हिव ही के हिला एक अंगठी परत देते, आठवतंय? तिथे आपण फार लक्ष देत नाही, असेल कसलीतरी. मग 1944 येतं, व्हिवचा चोरून केलेला गर्भपात बिघडलाय, रक्त थांबत नाहीये, आणि अॅम्ब्युलन्सवाली के स्वतःच्या बोटातली अंगठी काढून तिला घालते, का तर हॉस्पिटलात ती लग्नाची वाटावी. झालं, तो आधीचा साधा सीन एकदम जड होतो. हेलनचंही तेच, 1944 मध्ये ती के हिच्याबरोबर संसार करत असते, तिच्याशी खोटं बोलून ज्युलियाला भेटते आणि आपल्याला माहितीय की तीन वर्षांनी हीच बाई ज्युलियाला उशीर झाला की जळणारे. स्वतः जे केलं त्याचीच धास्ती.

घाईघाईत: म्हणजे काळ उलटा, माणसं उलटी चालतात, घास तोंडातून ताटात, तसंच ना? वाचलंय असलं एक.

पानवाली: नाही नाही, ते वेगळं. इथे प्रत्येक भाग आतून सरळच चालतो, फक्त भागांचा क्रम उलटा.

मीनू_७: मी तर कुठलंही पुस्तक शेवटचं पान वाचूनच सुरू करते, टेन्शन सहन होत नाही 😅 सेमच की.

खडूस वाचक: मला पटत नाही. व्हिवचा भाऊ डंकन जेलमध्ये का होता हे 1941 पर्यंत दाबून ठेवलंय, हा सस्पेन्स नाही तर काय? पात्रांना सगळं माहितीय, लेखिकेने त्यांची तोंडं बंद केलीत आणि आपण त्याला 'समज' म्हणायचं. लपवाछपवी आहे झालं.

पानवाली: अर्धं मान्य. पण ती बोलणार तरी कुणाकडे? इंग्लंडात तेव्हा गर्भपात गुन्हा, आत्महत्येचा प्रयत्नसुद्धा 1961 पर्यंत गुन्हा, दोन बायकांचा संसार लपवूनच करायचा. 1947 मधला तो गप्पपणा त्यांचाच आहे.

खडूस वाचक: मनात तरी विचार येईल ना? डंकनच्या डोक्यात आपण पानंच्या पानं बसतो आणि ती रात्र नेमकी तेवढी आठवत नाही?

अर्धवटराव: अंगठीचं पान परत काढून वाचलं. आधी चक्क घाईत उरकलं होतं मी. डंकनच्या बाबतीत मात्र खडूसरावांशी सहमत, तरी 1941 वाचतोय आज रात्री.

पानवाली: शेवटची दोन पानं सावकाश वाचा. ढिगाऱ्यातून के कुणाला बाहेर काढते ते बघा, मग बोलू.