हाऊसचं घोषवाक्य एका शब्दावर अडलंय, मदत हवी आहे

शाळेत माझ्याकडे गोदावरी हाऊस आहे, पाचवी ते दहावी, मुलं-मुली मिळून १२० जण, आणि क्रीडादिनाला मैदानावर ओरडायला दोन ओळींचं घोषवाक्य हवंय.

आधी 'एकता, परिश्रम, उत्कर्ष' घेतलं. कागदावर झकास, पण मैदानात पाचवीची पोरं 'उत्कर्ष'ला अडखळली आणि शेवटचा र्ष तर लांब ऐकूच जात नाही. मग 'गोदावरीचे वीर आम्ही', त्यावर मुलींनी विचारलं की सर आम्ही वीर कशा, बरोबरच आहे त्यांचं.

आता हे जमलंय:
थेंब थेंब मिळून धार
गोदावरी जोरदार

दोन्ही ओळी तेरा मात्रांच्या, चार-चार टाळ्यांत बसतात (गोदा, वरी, जोर, दार), पहिली ओळ कॅप्टन म्हणतो, दुसरी सगळे, आणि 'आ' लांबवता येत असल्यामुळे आवाज पार कुंपणापर्यंत जातो. फक्त 'जोरदार' नुसता भरतीचा वाटतो, थेंबांशी त्याचा काही संबंधच नाही. 'वाहणार' करून बघितलं पण घाईत सगळे 'व्हाणार' म्हणतात आणि एक टाळी रिकामी जाते. 'जिंकणार' नकोय, हरल्यावर तेच ओरडायचं म्हणजे पोरांची चेष्टा होते. देवाचं नाव, जोडाक्षरं पण नकोत, काहींच्या घरी हिंदी किंवा तेलुगू बोलतात. पहिली ओळ मुलांना पाठ झालीये, ती बदलणार नाही.

तर 'जोरदार'च्या जागी सहा मात्रांचं, दोन टाळ्यांत बसणारं आणि 'आर'नेच संपणारं काय टाकता येईल?