चार पिल्लं दत्तक द्यायची आहेत, पण शेवटच्या डोसची अट जाचक आहे का?

मानेवाडा रिंग रोड
आई ट्रकखाली गेली, म्हणून चार गावठी पिल्लं घरी आणली. तीन माद्या, एक नर. दात बघून डॉक्टरांनी वय सात आठवडे धरलं. जंताचं औषध सुरू आहे. पहिली लस ६ नोव्हेंबरला झाली, पुढच्या २७ नोव्हेंबर, १८ डिसेंबर आणि ८ जानेवारीला. १८ डिसेंबरला रेबीजचीही. पिल्लू आता न्या, पण ८ जानेवारीचा डोस झाल्याचं कार्ड दाखवा आणि सहा महिन्यांचं झालं की डॉक्टरांना विचारून नसबंदी करून घ्या, एवढी माझी अट. काही जणांना ती जाचक वाटते. तुम्हाला काय वाटतं?

धरमपेठकर
स्पष्ट बोलतो. गावठी पिल्लू न्यायला आधीच कोणी तयार नसतं, त्यात तुम्ही कार्ड तपासणार म्हटल्यावर कोण येईल? दोन डोस पुरतात. आमच्या लॅब्रॅडॉरला दोनच दिले होते, दहा वर्षं जगला. आणि गावठी जात मुळातच काटक असते, आपल्या उन्हाळ्यातही तगते.

त्रिमूर्तीनगर
दोनच डोस देऊन आम्ही थांबलो होतो. पिल्लू खेळत होतं, खात होतं, मग तिसरा कशाला असं वाटलं. तीन महिन्यांचं असताना एका सकाळी त्यानं पोळीला तोंड लावलं नाही. दुपारी पिवळसर फेसाची उलटी, दुसऱ्या दिवशी रक्ताची पातळ शी. तो वास अजून नाकातून जात नाही. सलाईन लावलं, पण गेलं. मला यातली एक मादी हवी आहे. घर तेच आहे, चालेल का?

सेमिनरी हिल्स, पशुवैद्य
ताई, तुमच्या पिल्लाला झालेला तो बहुतेक पार्व्हो. धरमपेठकर, गावठी कुत्रं ऊन सोसतं हे खरं, पण पार्व्हो जात बघत नाही. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळतं आणि तेच संरक्षण लसही निकामी करतं. ते कोणत्या आठवड्यात संपेल हे पिल्लागणिक वेगळं. एकाचं आठव्या आठवड्यात संपतं, एखाद्याचं चौदाव्यापर्यंत टिकतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी लस देत सोळावा आठवडा गाठायचा. तुमच्या लॅब्रॅडॉरला दुसरा डोस लागू पडला असेल. ताईंच्या पिल्लाला पडला नाही, असं दिसतं.

मानेवाड्याच्या ताईंनी एक लक्षात ठेवावं. रस्त्यावरच्या पिल्लाचं वय अंदाजेच असतं. सात धरलं आणि खरं सहा निघालं, तर ८ जानेवारीला ते पंधराच आठवड्यांचं असेल. शंका असेल तर तीन आठवड्यांनी आणखी एक डोस द्या.

त्रिमूर्तीनगरच्या ताई, हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो, फिनाइलला दाद देत नाही. फरशी साबणानं धुऊन मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं लावा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगणातल्या मातीला मात्र हा उपाय चालत नाही. तुमच्याकडे सगळे डोस झालेलं मोठं कुत्रं आणणं बरं.

महालातला
माझ्या पोराला अशाच एका पिल्लानं खेळता खेळता दात लावला, थोडं रक्त आलं. पिल्लाला रेबीजची सुई देऊन टाकली की झालं ना?

सेमिनरी हिल्स, पशुवैद्य
नाही. पिल्लाला आता दिलेल्या लसीनं पोराचं रक्षण होत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात न्या. पिल्लू लहान आहे म्हणून थांबू नका.

फुटाळ्याजवळ
मी तर म्हणतो, पिल्लं देऊच नका. हौसेनं नेतात, मोठं झालं, भुंकायला लागलं की तलावाकडे आणून सोडतात. माझ्या गल्लीत गळ्यात पट्टा असलेली अशी कुत्री फिरून राहिलीत. पाळलेलं कुत्रं असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानं गुन्हा आहे, पण तक्रार करतं कोण? सगळे डोस आणि नसबंदी होईपर्यंत स्वतःकडेच ठेवा.

मानेवाडा रिंग रोड
भाऊ, तुमचा राग समजतो. पण चौघं एकत्र असताना एकाला पार्व्हो झाला तर चौघंही जातील. शिवाय मिक्सर, कुकरची शिट्टी, लहान मुलं यांची सवय पहिल्या तीन महिन्यांतच लागते. जानेवारीपर्यंत माझ्या एका खोलीत राहिलेलं पिल्लू पुढे प्रत्येक पाहुण्याला घाबरेल. म्हणून आता देणार, पण घर बघून. नेणाऱ्यानं शेवटच्या डोसपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नये, कडेवर घेऊन बाहेरचं दाखवावं. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी, कारण पिल्लू परत येतं ते बहुतेक याच कारणानं. त्रिमूर्तीनगरच्या ताई, यातली मादी तुम्हाला देत नाही. मोठं, लस झालेलं कुत्रं आलं की सांगते.

धरमपेठकर
चार डोसांचं पटलं. पण कार्ड मागायला लोकांच्या दारात जाणं मला अजूनही पटत नाही. डोसाचे पैसे आधीच डॉक्टरांकडे भरून घ्या. पैसे दिलेला माणूस आपणहून येतो.

फुटाळ्याजवळ
पैसे भरूनही न येणारे मी पाहिले आहेत. नसबंदीचं काय ते सांगा.