मदत हवी आहे: पिक्सेल शिफ्टच्या 16 फ्रेम जोडल्यावर चित्रभर जाळी

नीळशाई
हाताने रंगवलेल्या एका जुन्या नकाशाची छायाचित्र-प्रत काढायची आहे. अक्षरं फार बारीक आहेत, म्हणून पिक्सेल शिफ्ट वापरतोय, म्हणजे सेन्सर किंचित सरकवत घेतलेल्या अनेक फ्रेम जोडून एक मोठं चित्र. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर, बटणाला हात न लावता 16 फ्रेम घेतल्या आणि संगणकात जोडल्या. 100 टक्क्यांवर पाहिलं तर सगळीकडे बारीक चौकटींची जाळी दिसते. सुट्या फ्रेम मात्र स्वच्छ आहेत. तीनदा करून झालं. नकाशा भिंतीवर, कॅमेरा ट्रायपॉडवर, मग हललं काय? नकाशा परवा परत द्यायचा आहे, कृपया लवकर सांगा.

तिपाई
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर आणि अ‍ॅपर्चर किती, दोन फ्रेममध्ये किती वेळ, उजेड कसला, नकाशा केवढा? आणि जाळी नेमकी कुठे आहे, अक्षरांच्या कडांना की कोऱ्या कागदावरही?

झटपट
लेन्समधलं आणि कॅमेऱ्यातलं, दोन्ही स्टेबिलायझेशन बंद करा. ट्रायपॉडवर ते स्वतःच थरथर निर्माण करतं. आणि शटर जेवढं वेगवान तेवढं चांगलं, 1/250 च्या खाली जाऊ नका.

तिपाई
@झटपट, लेन्सचं बंद असावं हे बरोबर. कॅमेऱ्यातल्याची काळजी नको. ज्या यंत्रणेने सेन्सर एरवी थरथर शोषतो, तीच यंत्रणा इथे त्याला मोजून सरकवत असते आणि त्याची व्यवस्था कॅमेरा स्वतः लावतो. वेगवान शटरचं मात्र पटत नाही. इथे प्रश्न एका फ्रेममधल्या थरथरीचा नाही, कारण सुट्या फ्रेम स्वच्छ आहेत. प्रश्न पहिल्या आणि सोळाव्या फ्रेमच्या दरम्यान काय बदललं याचा आहे.

नीळशाई
सोनी ए7आर 4, 90 मिमी मॅक्रो. नकाशा 90 सेंमी रुंद, चौकट पूर्ण भरतोय. f/16, 1/125, आयएसओ 1600. दोन एलईडी पॅनल, डोळ्यांना त्रास होतो म्हणून डिमरने कमी केलेले. फ्रेममधलं अंतर सर्वात कमी ठेवलंय. जोडणी इमेजिंग एजमध्ये. जाळी कोऱ्या कागदावरही आहे, आणि आता लक्ष दिल्यावर दिसतंय की ती आडव्या पट्ट्यांमध्ये कुठे ठळक, कुठे पुसट आहे.

तिपाई
मग काहीच हललेलं नाही, निदान मुख्य दोष तरी तो नाही. तुमचा उजेड बदलतोय.

जोडलेल्या चित्रात एका पिक्सेलचा लाल रंग एका फ्रेममधून येतो, तर शेजारच्या पिक्सेलचा दुसऱ्याच फ्रेममधून. त्यातली एक फ्रेम किंचित जास्त उजळ असेल तर एकाआड एक पिक्सेल उजळ-मंद होतात, आणि हीच तुमची जाळी. वस्तू हलली तर जाळी फक्त कडांवर दिसते, कारण कोरा कागद थोडा सरकला तरी कोराच दिसतो. कोऱ्या जागेवर जाळी आली की दिव्याकडे बघायचं.

पट्ट्यांचं कारण असं. या मोडमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर चालतं आणि ते सेन्सर ओळीओळीने वाचतं. मंद केलेले एलईडी बहुधा भराभर उघडझाप करून मंद होतात. 1/125 इतक्या कमी वेळात प्रत्येक ओळीच्या वाट्याला त्या उघडझापीचा वेगवेगळा तुकडा येतो.

खात्री करायला सोळाही फ्रेममध्ये कोऱ्या कागदाचा एकच तुकडा निवडून त्याची सरासरी पाहा. आकडे वरखाली होत असतील तर निदान पक्कं.

कणकण
हे बरोबर आहे, पण f/16 कडे कोणी बघितलं का? या सेन्सरचा पिक्सेल सुमारे 3.8 मायक्रॉनचा. f/16 वर एका बिंदूची विवर्तनाने होणारी चकती साधारण 21 मायक्रॉन, म्हणजे पाच पिक्सेलहून मोठी. जाळी गेली तरी जोडलेल्या चित्राच्या 240 मेगापिक्सेलमध्ये एका फ्रेमच्या 61 मेगापिक्सेलपेक्षा जास्त तपशील सापडणार नाही, नुसती फाइल फुगेल. f/5.6 वर या. सपाट नकाशाला या अंतरावर दोनेक सेंटिमीटरची खोली मिळते, ती पुरेशी आहे. कॅमेरा नकाशाला समांतर मात्र हवा.

धुकं
माझ्याकडे मायक्रो फोर थर्ड्सचा कॅमेरा आहे, त्यात हातात धरूनही हाय रेझ घेता येतं. धबधब्यासाठी कोणी वापरलंय का? पाणी छान रेशमी येतं म्हणे.

कणकण
@धुकं, हातात धरून चालणारा प्रकार वेगळा. तिथे हाताच्या थरथरीमुळेच फ्रेम थोड्या सरकलेल्या येतात आणि कॅमेरा त्या जुळवून घेतो. पाण्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नकाशा अडकलाय.

शिलाईवाला
एवढा खटाटोप कशाला? पिक्सेल शिफ्ट सोडा. कॅमेरा जवळ न्या, नकाशाचे सहा भाग साध्या फ्रेममध्ये घ्या, कडा तीस टक्के एकमेकांवर येऊ द्या आणि जोडा. उजेड थोडा बदलला तरी जाळी पडत नाही.

कणकण
तपशील तसाही मिळेल. पण नकाशावर सरळ रेघांची चौकट असेल तर जोडाच्या ठिकाणी रेघ किंचित वाकते, आणि मोजमापासाठी तेच घातक. शिवाय सहा ठिकाणी कॅमेरा समांतर ठेवायचा.

शिलाईवाला
नकाशा सरकवायचा, कॅमेरा नाही.

तिपाई
जुना कागद वारंवार हाताळायला मालक तयार असेल तर. @नीळशाई, आधी हे करा. डिमर पूर्ण उजेडावर. चमक सोसत नसेल तर पॅनल लांब न्या, डिमर फिरवू नका. पंधरावीस मिनिटं आधी लावून ठेवा, तापताना एलईडीचा उजेड थोडा उतरतो. खिडकीचे पडदे ओढा. आयएसओ 100, f/5.6, आणि उजेड जुळेल तसं शटर शक्य तेवढं मंद, म्हणजे उघडझापीची सरासरी होईल. फोकस मॅन्युअल, दोन फ्रेममध्ये दोन सेकंद.

झटपट
मंद शटरला जमिनीची थरथर येणारच!

तिपाई
येईल, खोलीत कोणी चाललं तर. म्हणून चालू नका.

नीळशाई
मोजलं. कोऱ्या कागदाचा आकडा सोळा फ्रेममध्ये 171 ते 177 असा नाचत होता. डिमर पूर्ण उघडून सांगितल्याप्रमाणे घेतलं, आता सगळीकडे 174. कोऱ्या कागदावरची जाळी गेली, आणि पूर्वी न वाचता येणारी नदीकाठची नावं सुटी दिसताहेत. पण खालच्या उजव्या कोपऱ्यात अक्षरांच्या कडांना अजून दातेरी चौकटी आहेत. फक्त तिथेच.

कणकण
हे मात्र हलणंच आहे. 90 सेंमी रुंदीवर 9504 पिक्सेल, म्हणजे कागदावर एक पिक्सेल जेमतेम 0.1 मिमी. 0.05 मिमी सरकलं की अर्धा पिक्सेल गेला. मोकळा कोपरा पाव मिलिमीटर पुढे आला तरी तिरक्या नजरेमुळे तेवढं सरकणं होतं. पहिली आणि सोळावी फ्रेम एकावर एक ठेवून पाहा. सेन्सर सरकल्यामुळे पडणारा फरक मध्यात आणि कोपऱ्यात सारखाच हवा. कोपऱ्यात वेगळा आला तर कागद वळतोय.

नीळशाई
वेगळा आहे, सुमारे एक पिक्सेल. पण तो कोपरा टाचलेला नाही हे खरं, आणि टाचताही येणार नाही.

झटपट
पंखा चालू असेल.

नीळशाई
पंखा बंद आहे.

तिपाई
त्या बाजूचं पॅनल कागदाच्या किती जवळ आहे? उबेने कागद कोरडा होऊन वळत असावा. पॅनल दुप्पट अंतरावर नेऊन पाहा, आणि कागदाला तासभर त्या उजेडात स्थिरावू द्या.

कणकण
मला उबेपेक्षा भिंतीवरची ओल जास्त शक्य वाटते. वेळ नसेल तर 16 पैकी एक साधी फ्रेम 200 टक्के मोठी करा, जोडलेल्या चित्रावर अर्ध्या पिक्सेलपर्यंत नीट जुळवा आणि मास्क लावून फक्त तो कोपरा तिच्यातून घ्या. तिथे तपशील 61 मेगापिक्सेलचाच राहील, पण दाते जातील.

शिलाईवाला
किंवा तेवढाच कोपरा जवळून एका साध्या फ्रेममध्ये घ्या.

नीळशाई
आधी पॅनल लांब नेतो. फरक पडला नाही तर मास्क.