शब्दचर्चा : एअर ब्रेकमधील गव्हर्नर, स्लॅक ॲडजस्टर आणि स्प्रिंग ब्रेक यांना मराठीत काय म्हणावे?

सायली

नमस्कार. मालवाहू गाड्यांच्या एअर ब्रेकवरील एका इंग्रजी प्रशिक्षण पुस्तिकेचा मी मराठी अनुवाद करीत आहे. मूळ पुस्तिका अमेरिकेतील ट्रक समोर ठेवून लिहिलेली आहे, पण मराठी प्रत आपल्याकडचे चालक आणि गॅरेजमधील मिस्त्री वाचणार आहेत. 'गव्हर्नर'साठी मी 'नियंत्रक', 'स्लॅक ॲडजस्टर'साठी 'ढील समायोजक' आणि 'स्प्रिंग ब्रेक'साठी 'स्प्रिंगचलित ब्रेक' असे योजले आहे. कच्चा मसुदा एका गॅरेजमध्ये वाचायला दिला, तेव्हा पुढील वाक्यावर सगळे हसले : 'ब्रेक उशिरा लागत असल्यास समायोजकाला ढील द्यावी.' ते का हसले हे विचारायला मी संकोचले. शब्द चुकला आहे की वाक्य, एवढे कृपया सांगावे.

माधवराव

सायलीताई, आपला प्रयत्न स्तुत्य आहे, परंतु निम्मे इंग्रजी आणि निम्मे मराठी अशी सरमिसळ टाळता येईल. गव्हर्नरला 'दाबनियामक' म्हणावे, कारण तो टाकीतील हवेचा दाब ठरावीक मर्यादेत राखतो. स्लॅक ॲडजस्टरला 'शैथिल्य समायोजक' आणि स्प्रिंग ब्रेकला 'कमानी रोधक' म्हणता येईल. स्प्रिंगला मराठीत 'कमान' हा जुना शब्द आहे आणि घड्याळाच्या संदर्भात तो आजही ऐकू येतो.

विलास

माझ्या चार प्रवासी गाड्या आहेत, त्यामुळे गव्हर्नरशी माझा नेहमीच संबंध येतो. आमच्याकडे सगळेजण त्याला 'स्पीड गव्हर्नर' असेच म्हणतात. तो ताशी ८० किलोमीटरला बांधलेला असतो आणि पासिंगच्या वेळी तपासला जातो. गेल्या वर्षी एका गाडीचा गव्हर्नर ६०लाच गाडी धरू लागला होता, तेव्हा त्याची तार तपासून घ्यावी लागली. तेव्हा 'वेगनियंत्रक' हा शब्द वापरावा, तो लोकांना लगेच कळतो.

दत्ता मिस्त्री

विलासराव, तुम्ही सांगता तो गव्हर्नर वेगळा आणि ताई विचारतात तो वेगळा, पण तुमच्या उत्तराने खरी अडचण समोर आली, हे बरे झाले. ट्रकवाल्याला गव्हर्नर या नावाच्या तीन वस्तू माहीत असतात. जुन्या डिझेल पंपावर इंजिनाचे फेरे आवरणारा एक, वेगाला लगाम घालणारा दुसरा आणि हवेचा तिसरा. पुस्तिकेत नुसते 'नियंत्रक' लिहिले, तर वाचणारा पहिल्या दोघांपैकी एकाकडे जाईल. 'हवेचा गव्हर्नर' लिहिले तर चूक होणार नाही.

त्यात आणखी एक गोम आहे. अमेरिकी ट्रकवर गव्हर्नर हा मुठीएवढा वेगळा भाग असतो. टाकीत हवा पुरेशी झाली की तो कॉम्प्रेसरला इशारा देतो. कॉम्प्रेसर फिरत राहतो, पण हवा भरायचे थांबवतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हेच काम अनलोडर व्हॉल्व करतो, किंवा तो एअर ड्रायरमध्येच बसवलेला असतो, आणि टाकी भरली की जादा हवा 'फुस्स' करून बाहेर सोडतो. आमच्या पोरांना विचारा 'गव्हर्नर कुठे आहे', तर ते डोके खाजवतील; 'अनलोडर कुठे आहे' विचारा, तर बोट दाखवतील. म्हणून त्या प्रकरणाच्या सुरुवातीला एक वाक्य घाला, की पुस्तिकेत ज्याला हवेचा गव्हर्नर म्हटले आहे त्याचे काम तुमच्या गाडीत अनलोडर करत असण्याची शक्यता आहे.

माधवराव, रागावू नका, पण 'कमानी रोधक' वाचून आमचा मिस्त्री गाडीखाली शिरून पाटे तपासेल. गाडीत कमान म्हटले की पाट्यांचीच कमान डोळ्यांसमोर येते. तुमचा शब्द जुना आहे यात वाद नाही, फक्त ट्रकमध्ये ती जागा आधीच भरलेली आहे.

सायली

आभारी आहे, दत्ताकाका. त्याच प्रकरणात 'कट-आउट' आणि 'कट-इन' असे दोन दाब दिले आहेत. सुमारे १२५ पाउंडांना भरणे थांबते आणि सुमारे १०० पाउंडांना पुन्हा सुरू होते. मी 'कट-आउट दाब' असेच ठेवले होते, पण माझ्या भावाने विचारले की यात पुढाऱ्यांच्या कटआउटचे काय काम. दुसरे म्हणजे, 'कट झाले' म्हणजे बंद पडले, असा मराठी माणसाचा समज असतो, त्यामुळे 'कट-इन' हा शब्द उलटाच कळतो.

दत्ता मिस्त्री

बरोबर आहे. 'भरणे थांबण्याचा दाब' आणि 'भरणे सुरू होण्याचा दाब' असे साधे लिहा. आकडेही आपल्या काट्यावरचे द्या, कारण आपल्या गाड्यांच्या काट्यावर पाउंड क्वचित असतात. चालक 'हवा आठ किलो झाली' असे म्हणतो. १०० पाउंड म्हणजे साधारण ७ किलो आणि १२५ पाउंड म्हणजे पावणेनऊच्या आसपास. मात्र हे अमेरिकी आकडे आपल्या गाडीला जसेच्या तसे लावू नका, कंपनीच्या पुस्तकातला आकडा वेगळा असतो. शिवाय गाडी उभी आहे, ब्रेकला पाय लावलेला नाही आणि तरी दर थोड्या वेळाने 'फुस्स' होत असेल, तर बहुतेक वेळा दोष अनलोडरचा नसतो. हवा कुठेतरी गळत असते आणि तो बिचारा पुन्हा पुन्हा भरून काढत असतो.

आता तुमच्या 'ढील देण्या'कडे येतो. पतंगाला ढील दिली की दोरा सैल सुटतो. मराठीत ढील देणे म्हणजे सैल सोडणे, आणि तुम्हाला तर सैलपणा काढायचा आहे. वाचून एखाद्याने खरेच बोल्ट उलटा फिरवला असता, तर उशिरा लागणारा ब्रेक लागायचाच बंद झाला असता. हसण्याचे कारण एवढेच होते. 'ढील काढावी' लिहा, म्हणजे वाक्य सुधारेल.

वस्तूचे नाव मात्र बदलू नका. आमच्याकडे 'स्लॅक' हेच त्या भागाचे नाव होऊन बसले आहे. 'मागच्या चाकाचा स्लॅक बदलला' म्हटले की कुणालाही समजते. इंग्रजीत त्याचा अर्थ ढील असा आहे, हे निम्म्या पोरांना ठाऊकही नाही, आणि नसले तरी अडत नाही.

माधवराव

म्हणजे ढिलाईलाच ढिलाई काढणाऱ्या यंत्राचे नाव मिळाले. भाषेत असे होतेच. 'शैथिल्य समायोजक' मी मागे घेतो. 'कमानी'चाही आग्रह धरणार नाही. परंतु 'दाबनियामक' कोशात तरी राहावा, असे मला वाटते, कारण पुस्तिका उद्या अभियांत्रिकी पदविकेचे विद्यार्थीही वाचतील.

सायली

काका, ढील तपासण्याचा परिच्छेद मी असा लिहिला आहे : 'गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना ठोकळे लावावेत, पार्किंग ब्रेक बंद करावा आणि स्लॅक हाताने जोरात ओढून पाहावा. चेंबरचा दांडा जिथे जोडलेला आहे तिथे तो सुमारे १ इंचापेक्षा जास्त हलल्यास ब्रेक सेट करण्याची गरज असते.' यात काही खटकते का?

दत्ता मिस्त्री

एक शब्द खटकतो आणि तोच घातक आहे. 'पार्किंग ब्रेक बंद करावा' म्हणजे नेमके काय करावे? नळ बंद केला म्हणजे पाणी अडले, दार बंद केले म्हणजे वाट अडली. त्याच चालीने चालक 'बंद' वाचून ब्रेक ओढून ठेवील. तसे झाले की चेंबरमधल्या स्प्रिंगने दांडा आधीच पुढे ढकललेला असतो आणि स्लॅक ताठ होऊन बसतो. मग त्याने कितीही ओढले तरी स्लॅक हलणार नाही, आणि दोन इंच ढील असलेली गाडी 'ब्रेक एकदम टाईट आहेत' म्हणून घाटाकडे निघेल. 'पार्किंग ब्रेक सोडावा' असे लिहा, आणि टाकीत हवा पूर्ण भरलेली असावी हेही लिहा, कारण हवेशिवाय तो सुटतच नाही.

ढील काढण्याचे वाक्यही जरा लांबवा. बोल्टाभोवतीची कुलपाची कडी पान्याने आत दाबून बोल्ट फिरवायचा. तो कोणत्या बाजूला फिरवायचा हे डावे-उजवे लिहून सांगू नका, गाडीच्या दोन बाजूंना ते बदलू शकते. ब्रेक दाबल्यावर एस-कॅमचा दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने तो फिरला पाहिजे, ही खूण लिहा. उलटे फिरवत राहिले, तर चेंबरचा दांडा बाहेर ओढला जाऊ लागतो. तसे दिसले की थांबावे. लायनर ड्रमला भिडला की पाव ते अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि कडी पुन्हा वर आली आहे ना, हे बघायचे.

हे सगळे हाताने सेट करायच्या स्लॅकसाठी आहे. स्वतः ढील काढणारा 'ऑटो स्लॅक' असेल आणि तरीही ढील वाढत असेल, तर पाना लावून ती झाकू नये. तिथे स्लॅक बिघडला आहे किंवा बुश, पिन झिजल्या आहेत.

केदार

मी कॅनडात ट्रक चालवतो. इथे डॅशबोर्डवर पिवळे बटण असते. ते ओढले की ब्रेक लागतो आणि दाबले की सुटतो. सुरुवातीला माझा उलट समज होता, की हवा भरल्यावर ब्रेक लागतो. एका सकाळी टाकी रिकामी होती, गाडी जागची हलेना, आणि मी अर्धा तास गिअरला दोष देत बसलो. तेव्हा 'स्प्रिंगचलित ब्रेक' या शब्दातून हवेचा संबंध कळत नाही, असे मला वाटते. 'पार्किंग ब्रेक' म्हटले तर चालणार नाही का?

दत्ता मिस्त्री

निम्मे चालेल. गाडी उभी करताना तो पार्किंग ब्रेकच आहे. पण धावत्या गाडीची हवा गेली तर तोच ब्रेक आपोआप लागतो, आणि तेव्हा त्याला पार्किंग म्हणणे विचित्र वाटते. पायाच्या ब्रेकला हवा लावते आणि स्प्रिंग सोडवते. याचे नेमके उलट, स्प्रिंग लावते आणि हवा सोडवते. मी 'स्प्रिंग ब्रेक' हेच ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला 'हवा गेली की लागणारा' असे जोडीन.

सायली

तसेच करते. 'दाबनियामक' शब्दसूचीत ठेवीन आणि मजकुरात 'हवेचा गव्हर्नर' लिहीन. आता एकच शब्द उरतो. बंद पडलेली गाडी ओढून नेताना हवा नसेल, तर चेंबरच्या मागून लांब बोल्ट घालून, त्याची नट आवळून स्प्रिंग दाबून धरतात. इंग्रजीत याला पिंजऱ्यात घालणे म्हणतात. मी 'स्प्रिंग कोंडणे' लिहिले आहे.

दत्ता मिस्त्री

आम्ही 'बोल्ट लावून स्प्रिंग खेचली' म्हणतो. 'कोंडणे' कानाला बरे वाटते, पण कोंडलेली वस्तू दार उघडले की बाहेर येते, आणि चेंबरचा पट्टा उघडायचा नाही हेच तर आम्ही पोरांना शिकवतो. बोल्ट लावलेला असला तरी नाही, कारण बोल्ट नीट अडकला आहे की नाही हे बाहेरून दर वेळी समजत नाही.

माधवराव

'जखडणे' कसे वाटते?

केदार

माझ्या कानाला ते ब्रेक जाम झाल्यासारखे वाटते.